म्हाताऱ्या मांजरात आयबीडी की लिम्फोमा? निदान आणि उपचारातल्या या चुका टाळा

मंगळवार पेठेतली मनी. वय 12 वर्षं, नसबंदी झालेली, लसीकरण वेळेवर. हे उदाहरण समजावण्यापुरतं रचलेलं आहे, पण कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात असं मांजर सहज भेटेल. आठ महिन्यांत वजन 4.6 किलोवरून 3.4 किलोवर आलं. आठवड्यातून दोनदा उलटी, शी कधी बरी तर कधी पातळ, भूक मात्र बऱ्यापैकी. घरच्यांना वाटलं, वय झालंय आणि केसांचे गोळे पडतायत.

पहिली चूक इथंच होते. केसांचा गोळा महिन्यातून एखादवेळी पडला तर ठीक, आठवड्याला दोनदा होणारी उलटी हा आजारच असतो. आणि वजन एक चतुर्थांशाने घटणं हे वयाचं लक्षण मुळीच नाही. दहा वर्षांवरच्या मांजराचं वजन महिन्यातून एकदा एकाच काट्यावर करा आणि तारखेसकट लिहून ठेवा. बाळांचा वजनकाटा त्यासाठी पुरतो. अंगावर दाट केस असल्यामुळे अर्धा किलो घटलेला डोळ्यांना कळत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला की मणके बोटांना टोचू लागतात, तोवर बरेच महिने गेलेले असतात.

अशा मांजरात आधी थायरॉइड, मूत्रपिंड, साखर आणि जंत तपासायचे, कारण हे सगळेच आजार वजन खातात. मनीचे हे सगळे रिपोर्ट व्यवस्थित होते, बी-12 मात्र कमी होतं. बी-12 लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये शोषलं जातं. ते कमी आलं म्हणजे बिघाड बहुधा आतड्यात आहे, एवढंच समजायचं. सोनोग्राफीत जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचा, स्नायूंचा थर जाड दिसला आणि जवळच्या लसिका गाठी थोड्या मोठ्या होत्या.

आता प्रश्न दोनच उरतात. आयबीडी म्हणजे आतड्याला आलेली जुनाट सूज, आणि स्मॉल सेल लिम्फोमा म्हणजे लहान लिम्फोसाइट पेशींचा सावकाश वाढणारा कर्करोग. लक्षणं तीच, बी-12 दोन्हीत कमी, सोनोग्राफीतला जाड थरही दोन्हीत दिसतो. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘आयबीडी’ किंवा ‘लिम्फोमा’ असा शिक्का मारणं चुकीचं आहे. ती फक्त बायोप्सीसाठी आतड्याचा तुकडा कुठून घ्यायचा ते सांगते.

बायोप्सीआधीच स्टिरॉइड

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. उलट्या थांबेनात म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं, मांजर दोन दिवसांत टुणटुणीत होतं, मालक खूश होतो. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. स्टिरॉइड सूजही उतरवतं आणि लिम्फोमाच्या पेशीही मारतं, त्यामुळे मांजर सुधारलं यावरून कुठलाच आजार सिद्ध होत नाही. नंतर बायोप्सी केली तर पेशींची गर्दी विरळ झालेली असते आणि लिम्फोमा सौम्य सूजेसारखा दिसतो. बायोप्सी करायची शक्यता असेल तर तोवर स्टिरॉइड टाळा. आधीच सुरू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद करा आणि शक्य असल्यास निदान दोन ते चार आठवडे थांबा. शस्त्रक्रिया होणार असेल तर आणखी एक कारण आहे: स्टिरॉइडवर असलेल्या मांजराची आतड्याची शिवण उशिरा भरते.

लांब टिकणारी डेपो इंजेक्शनं तर आणखी घातक. ती शरीरातून काढून घेता येत नाहीत, आणि मांजरात त्यांच्यामुळे मधुमेह होऊ शकतो, काहींचं हृदयही बिघडतं. गोळी रोज देणं कटकटीचं आहे हे मान्य, पण गोळीचा डोस वर-खाली करता येतो.

त्याऐवजी वाट पाहण्याच्या काळात आहाराची चाचणी करा. हायड्रोलाइज्ड, म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचं किंवा मांजराने कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं अन्न, निदान दोन आठवडे, दुसरं काहीही नाही. आहाराने बरी होणारी मांजरं बहुतेक एवढ्या काळात सुधारणा दाखवतात. ही चाचणी आपल्याकडे फसते ती पेठेतल्या रिवाजामुळे. मांजर एकाच घरचं नसतं. सकाळी शेजारच्या काकूंकडे म्हशीचं दूध, दुपारी मागच्या गल्लीत सुकट, रविवारी मटणाचे तुकडे. चौदा दिवस मांजर घरात कोंडून ठेवा आणि शेजाऱ्यांना तोंडावर सांगा. एक चमचा दूधही चाचणी वाया घालवतं.

तुकडा कुठला घेतला?

मनीची एंडोस्कोपी झाली. रिपोर्ट आला: ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, मध्यम प्रमाणात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची सूज, आयबीडीशी सुसंगत. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 5 मिलिग्रॅम सुरू झालं, म्हणजे किलोला सुमारे दीड मिलिग्रॅम. सहा आठवडे उत्तम गेले, नंतर वजन पुन्हा घसरू लागलं.

रिपोर्ट खोटा नव्हता. एंडोस्कोपची नळी तोंडावाटे जठर आणि ड्युओडेनमपर्यंत जाते. स्मॉल सेल लिम्फोमा मात्र बहुधा जेजुनम आणि इलियममध्ये घर करतो, आणि मनीच्या सोनोग्राफीत बिघाड जेजुनममध्येच होता. शिवाय चिमटा फक्त आतल्या अस्तराचा कण उचलतो, खालच्या थरांत पेशी शिरल्यात की नाही ते त्यात दिसत नाही. बिघाड जिथे दिसला तिथे नळी पोहोचत नसेल तर पोट उघडून पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा. सोबत इलियम आणि लसिका गाठीचाही. एंडोस्कोपीच करायची असेल तर गुदमार्गेही करून इलियमचे तुकडे घेण्याचा प्रयत्न व्हायला हवा, आणि प्रत्येक जागेचे निदान सहा चांगले तुकडे हवेत. शस्त्रक्रियेआधी रक्तातलं अल्ब्युमिन जरूर बघा. ते फार कमी असेल तर शिवण सुटण्याचा धोका वाढतो आणि तेव्हा एंडोस्कोपीच शहाणपणाची ठरते.

नमुना पाठवतानाही घोळ होतो. तुकडे 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रव. प्रत्येक जागेची बाटली वेगळी, तिच्यावर पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या पेनने जागेचं नाव. बर्फात गोठवू नका, गोठल्यावर पेशी फुटतात. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या फॉर्ममध्ये वय, वजनातली घट, सोनोग्राफीत काय दिसलं आणि स्टिरॉइड कधी, किती दिलं हे लिहा. ‘उलटी, जुलाब’ एवढ्यावर पॅथॉलॉजिस्ट काय ठरवणार?

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

आयबीडीत पेशींची मिसळ दिसते: लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, कधी इओसिनोफिल. त्या बहुधा अस्तराच्या आतल्या थरापुरत्याच राहतात. लिम्फोमात एकसारख्या, लहान लिम्फोसाइटची दाटी असते. त्या पेशी एपिथेलियममध्ये, म्हणजे अस्तराच्या सगळ्यात वरच्या थरात, घुसून तिथे पुंजके करतात, आणि पुढे अस्तराखालचा सबम्युकोसा, स्नायूंच्या थरापर्यंत उतरतात. रिपोर्टमध्ये एपिथेलियममधले पुंजके आणि खोल थरांतली घुसखोरी, ही दोन वाक्यं शोधा.

मधल्या केसेसमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींचा प्रकार रंगवून ओळखणारी चाचणी, मदत करते. स्मॉल सेल लिम्फोमात बहुतेक वेळा पेशी टी प्रकारच्या, म्हणजे सीडी-3 पॉझिटिव्ह असतात. पण सूजेतही टी पेशी असतातच, म्हणून सीडी-3 पॉझिटिव्ह आलं म्हणजे कर्करोग असा अर्थ काढू नका. त्या पेशी कुठे, किती आणि कशा मांडल्यात यावर निदान ठरतं. त्यापुढची पीएआरआर चाचणी सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून आल्यात का ते बघते. तीही एकटी निकाल देत नाही, कारण काही सुजलेल्या आतड्यांतही ती पॉझिटिव्ह येते. दोन्ही चाचण्या तुकडा मेणात बसवून ठेवलेल्या जुन्या ब्लॉकवर होऊ शकतात, त्यामुळे ब्लॉक फेकू नका असं प्रयोगशाळेला आधीच सांगा.

मनीचं प्रेडनिसोलोन कमी करत बंद केलं आणि तीन आठवड्यांनी पोट उघडून तुकडे घेतले. जेजुनममध्ये एपिथेलियममधले पुंजके, सीडी-3 पॉझिटिव्ह लहान पेशी, स्नायूंच्या थरापर्यंत. स्मॉल सेल लिम्फोमा.

औषधात फरक नेमका काय

आयबीडीत पायऱ्या असतात. आधी आहार, जमलं नाही तर प्रेडनिसोलोन किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम रोज, मग दर दोन-तीन आठवड्यांनी डोस चतुर्थांश ते निम्म्याने खाली. ध्येय असतं सगळ्यात कमी डोसचं, जमल्यास औषधच बंद करून नुसत्या आहारावर ठेवण्याचं.

लिम्फोमात प्रेडनिसोलोनबरोबर पहिल्या दिवसापासून क्लोरॅम्ब्युसिल हे केमोचं औषध लागतं. नुसतं स्टिरॉइड काही आठवडे दिलासा देऊन हात सोडतं, मनीच्या बाबतीत तेच झालं होतं. क्लोरॅम्ब्युसिलची 2 मिलिग्रॅमची गोळी 4 किलोवरच्या मांजराला एक दिवसाआड आणि त्याखालच्याला दर तीन दिवसांनी, अशी एक प्रचलित पद्धत आहे. मनी 3.4 किलोची, म्हणून दर 72 तासांनी एक. कॅलेंडरवर खूण करा, घरात दोघंजण गोळी देणारे असतील तर डबल डोस होतो.

हट्टी आयबीडीतही क्लोरॅम्ब्युसिल वापरतात, त्यामुळे दोन्ही उपचार एकमेकांपासून फार दूर नाहीत. बायोप्सी परवडत नसेल तर काही डॉक्टर याच आधारावर दोन्ही औषधं सुरू करतात. हा निर्णय मान्य होऊ शकतो, एका अटीवर: झपाट्याने वाढणारा लार्ज सेल लिम्फोमा वेगळा आजार आहे, त्याला वेगळी केमो लागते. पोटात गाठ हाताला लागत असेल तर निदान सुईने पेशी काढून तपासा.

गोळीला लेप असतो, म्हणून तोडू किंवा कुटू नका. हातमोजे घाला आणि डबी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा. गर्भवती बाईने गोळी आणि शी-शूचा ट्रे दोन्ही हाताळू नये. कर्करोगाची औषधं ठेवणाऱ्या मेडिकलमध्ये आधी सांगून ठेवा, डबी संपायच्या दोन आठवडे आधी.

बी-12 दोन्ही आजारांत द्यायचं: कातडीखाली 250 मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मग महिन्याने एक आणि पुन्हा तपासणी. 1 मिलीत 1000 मायक्रोग्रॅम असेल तर 0.25 मिली होतं. इथे ‘बी-कॉम्प्लेक्स’ची कुपी देऊन चालत नाही, त्यात बी-12 फार थोडं असतं आणि टोचल्यावर चुरचुरतं. लेबलवरचा आकडा वाचून मिली काढा.

क्लोरॅम्ब्युसिलवर रक्ताची मोजणी न करणं ही शेवटची मोठी चूक. सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी, मग महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी. न्यूट्रोफिल हजार-पंधराशेच्या खाली गेले, प्लेटलेट घसरल्या किंवा यकृताचं एएलटी बरंच चढलं तर गोळी थांबते आणि डोसमधलं अंतर वाढतं. मांजर अचानक खूप पाणी पिऊ लागलं तर साखर तपासा, ते प्रेडनिसोलोनमुळे असू शकतं.

वजन भरलं म्हणून स्वतःहून क्लोरॅम्ब्युसिल बंद करू नका. या उपचाराला बहुतेक मांजरं चांगला प्रतिसाद देतात, आणि अनेक जण दोन वर्षं किंवा त्याहून जास्त छान जगतात. पूर्ण आराम टिकून राहिला तर वर्षानंतर काही डॉक्टर औषध थांबवून बघतात, आणि आजार परतला तर तेच औषध पुन्हा लागू पडतं. मनीसारख्या मांजरात तेव्हाही वजनाची वही चालूच राहते: आठवड्याला एक आकडा. सलग दोन आठवडे 100-150 ग्रॅम घटले की उलटीची वाट न पाहता दवाखान्यात.