मुलाच्या ऑनलाइन मराठी वर्गाची फी भरण्याआधी

परदेशात राहणाऱ्या घरांतून चौकशी येते तेव्हा पहिला प्रश्न फीचा असतो, दुसरा वेळेचा. दोन्ही रास्तच आहेत, पण त्यांची उत्तरं तिसऱ्याच गोष्टीवर ठरतात: मुलाचं अडतंय नेमकं कुठे, बोलण्यात की वाचण्यात? बहुतेक आईबाबा सांगतात, "त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही." हे वाक्य खरं आहे का, ते तपासून घेणं ही यादीतली पहिली बाब.

त्यासाठी अर्धा तास काढा. मुलाला हातवारे न करता, नजरेनेही न सुचवता एक जरा लांब काम सांगा. उदाहरणार्थ, "खालच्या खणातली पांढरी चादर काढ आणि खुर्चीच्या मागे ठेव." यात एकही इंग्रजी शब्द नाही, म्हणून ओळखीच्या शब्दावरून अंदाज बांधायला वाव नाही. चादर येते पण ती तुमच्या हातात, असं झालं तर मूल निम्मं वाक्य ऐकून उरलेलं ताडतंय. मग एखादं गजबजलेलं चित्र समोर ठेवा, बाजार किंवा समुद्रकिनारा, आणि दोनेक मिनिटं काय दिसतंय ते सांगायला लावा. फोनवर ध्वनिमुद्रण करा. मध्ये सुधारू नका, "मराठीत, मराठीत" म्हणून डिवचूही नका.

ऐकताना इंग्रजी नामं मोजत बसू नका, क्रियापदांकडे लक्ष द्या. मुलगा "मी जाते, मी खाते" म्हणत असेल तर घरात तो मराठी मुख्यतः आईच्या तोंडून ऐकतो, एवढाच त्याचा अर्थ. मुलगी "मी चेंडू घेतली" म्हणाली तर तिने क्रियापद चेंडूऐवजी स्वतःशी जुळवलंय. या चुका बोलणाऱ्या मुलाच्या आहेत. त्या वर्गात हळूहळू सुटतात आणि अशा मुलाला वाचनाकडे लगेच नेता येतं. मात्र "मी पोळी ईट केली, मग आम्ही पार्कला गो केलं" असं सगळंच "करणे"वर चालत असेल, तर आधी बोलणं. अक्षरं थोडी थांबू शकतात. हे ध्वनिमुद्रण शिक्षकाला पाठवा. पहिल्या चाचणी-वर्गात लाजून गप्प बसलेल्या मुलापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

दुसरी बाब शब्दांची, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची. आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावून ठेवा. मूल कुठल्याही वाक्यात, अगदी इंग्रजी वाक्याच्या मधोमध, जो मराठी शब्द वापरेल तो त्यावर लिहा. काका, नाक, ताट, चप्पल, पाणी, झोप, नको. तीस-चाळीस शब्द जमतात. त्यांचा उपयोग असा: मराठी लिहिताना शेवटच्या अक्षरात "अ" धरलेला असतो पण बोलताना तो आपण गिळतो. अक्षर लावून वाचणारं मूल "कान" हा शब्द "काना" असा वाचतं. शब्द त्याच्या कानावरचा असेल तर ते स्वतःच थबकतं, हसतं आणि "कान!" म्हणतं. शब्द अनोळखी असेल तर चूक झाल्याचं त्याला कळायचं कारणच नाही. वाचन इथेच अडतं, आणि पालकांना वाटतं की अक्षरं कच्ची आहेत.

म्हणून शिक्षकाला विचारा की ते अक्षरं कोणत्या क्रमाने घेतात. "ग म भ न" हा जुना क्रम वळणासाठी उत्तम, कारण एका आकारातून दुसरा आकार हाताला सापडत जातो. पण त्यातून बनणारे नमन, गगन हे शब्द टोरांटोच्या मुलाने कधी ऐकलेले नसतात. वाचनासाठी मी क, न, म, ब, द, त, प, य ही आठ अक्षरं आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. त्यातून काका, मामा, बाबा, दादा, नाक, कान, दात, पाय, काम, पान असे घरातले शब्द पहिल्या दोन आठवड्यांत वाचून होतात. मग दुसरी वेलांटी आणि "ई", "आ" ही अक्षरं आली की आई, ताई, मी, ती. लिहिणं वेगळ्या क्रमाने चाललं तरी बिघडत नाही.

पुस्तकाचं म्हणाल तर बालभारतीची पहिलीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ती उतरवून ठेवा. मात्र ती मराठी बोलत शाळेत आलेल्या मुलांसाठी आहेत, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत त्यातली चित्रं बोलण्यासाठी वापरा, धडे नकोत. छापलेल्या किंवा पडद्यावरच्या मजकुरात "ल" आणि "श" मराठी वळणाचे आहेत ना, तेही एकदा बघा. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि नवशिक्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

आता तासाची रचना. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं पुरतात, पाच-सहा वर्षांच्याला पंचवीसच्या पुढे ताणू नये. समजा, न्यू जर्सीतली आठ वर्षांची मुलगी आहे, इंग्रजी सरसर वाचते आणि तिचं ध्वनिमुद्रण "ईट केली" प्रकारचं आहे. तिच्या चाळीस मिनिटांत मी पहिली पाच मिनिटं इकडच्या-तिकडच्या गप्पांना देईन, पुढची वीस एखाद्या चित्रावर किंवा तिने दाखवायला आणलेल्या वस्तूवर बोलायला, दहा वाचनाला आणि शेवटची पाच आईबाबांपैकी कोणासमोर तरी. त्या पाच मिनिटांत आठवड्याचं एक वाक्यरूप ठरतं. उदाहरणार्थ "मला ... पाहिजे", आणि घरात आठवडाभर जेवताना तेच. बोलण्याच्या वीस मिनिटांत क्रियापदं ठरवून आणायची: खाल्ली, प्यायलं, घेतला, दिला. रोजच्या गृहपाठाला दहा मिनिटांहून जास्त लागत असतील तर शिक्षकांना तसं सांगा. दोन आठवडे ढकलून तिसऱ्या आठवड्यात तो बंदच पडतो.

फीचा हिशेब तासाच्या दराने करू नका, मूल स्वतः किती मिनिटं बोलणार त्यावर करा. दर शिक्षकागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते. चार मुलांचा गट, चाळीस मिनिटं, प्रत्येकी 8 डॉलर. निम्मा वेळ शिक्षकाचा धरला तर उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, म्हणजे बोलण्याचं एक मिनिट 1.60 डॉलरला पडलं. एकट्याचा तास तीस मिनिटांचा, 15 डॉलर. तिथे मुलाला पंधरा मिनिटं मिळतात, मिनिटाला 1 डॉलर. महाग दिसणारा वर्ग बोलण्यासाठी स्वस्त निघाला. वाचनाचं उलट आहे. एक मूल मोठ्याने वाचतं तेव्हा बाकीच्यांची नजर त्याच ओळीवर फिरते, त्यामुळे गटातला वेळ वाया जात नाही. शिवाय आपल्यासारखंच अडखळणारं दुसरं मूल दिसलं की भीड चेपते. वरच्या मुलीसाठी मी तीस मिनिटांचा एकटीचा एक तास आणि गटाचा एक, असं सुचवेन. पहिल्यात बोलणं, दुसऱ्यात वाचन. आठवड्याचे 23 डॉलर, बारा आठवड्यांच्या सत्राचे 276. दोन्ही तास एकटीचे घेतले तर 360. फरक 84 डॉलरचा आहे आणि पहिल्या सत्रात मला तो आवश्यक वाटत नाही.

पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. सत्र बारा आठवड्यांचं की बारा तासांचं? गणपती-दिवाळीत शिक्षक सुट्टी घेतात तेव्हा हा फरक कळतो. मूल आजारी पडलं तर किती आधी कळवल्यास तास भरून मिळतो, आणि गटाच्या तासाला ही सोय आहे का? (बहुधा नसते, आणि ते बरोबरच आहे.) परदेशातून पैसे पाठवण्याचा खर्च कोण सोसणार? तो दर व्यवहारामागे लागत असेल तर आठवड्याला न भरता महिन्याचे एकदम भरा. सगळं सत्र आगाऊ मागत असतील तर निदान पहिले चार तास सुटे घेऊ देतात का ते विचारा. आणि सहा व दहा वर्षांच्या भावंडांना सवलतीसाठी एका वर्गात बसवू नका. धाकट्याची सगळी उत्तरं थोरलं देऊन मोकळं होतं.

वेळ ठरवताना घड्याळबदल विसरला जातो. भारतात घड्याळ बदलत नाही, अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. हिवाळ्यात न्यू जर्सीत शनिवारी सकाळी दहाला भरणारा वर्ग लंडनमध्ये दुपारी तीनला आणि भारतात रात्री साडेआठला असतो. मार्चमधल्या त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यू जर्सीची वेळ तशीच ठेवली, तर लंडनच्या मुलाला दोनला बसावं लागतं आणि शिक्षकाला साडेसातला. गटात दोन्हीकडची मुलं असतील तर वर्ग कोणत्या देशाच्या घड्याळाने चालतो हे आधीच ठरलेलं हवं, नाहीतर एक तास हमखास बुडतो आणि तो कोणाच्या खात्यात मोजायचा यावर ईमेल सुरू होतात.

साधनांचं थोडक्यात: फोन नको, लॅपटॉप किंवा मोठा टॅबलेट हवा, कारण वेलांटी आणि मात्रा छोट्या पडद्यावर नीट दिसत नाहीत. तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन घ्या. क आणि ख, त आणि थ यांच्यातला फरक श्वासाचा असतो, लांबच्या माइकमध्ये तो हरवतो.

चाचणी-वर्गाला शेजारच्या खोलीत बसा आणि ऐका. शिक्षक प्रश्न विचारून किती वेळ थांबतात? तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देणाऱ्या वर्गात मूल ऐकायलाच शिकेल. मूल इंग्रजीत बोललं तर ते काय करतात? "ओह, तू पोळी खाल्लीस? कशाबरोबर खाल्लीस?" असं मराठीत परत देऊन पुढे नेणारा शिक्षक मला आवडतो, "मराठीत सांग" म्हणून अडवणारा नाही. "ताट" म्हणायला लावतात का तेही बघा. इंग्रजीत वाढलेलं मूल बहुधा "टाट" म्हणतं, आणि हे ज्यांच्या लक्षात येतं पण जे पहिल्याच दिवशी दहा वेळा म्हणवून घेत नाहीत, त्यांच्याकडे सत्राची फी खुशाल भरा.