ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रवेशाची कॅप्शन: या चुका टाळा

जून उजाडला की ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिराती सुरू होतात: ‘१५ दिवसांत कार शिका, लायसन्सची १००% गॅरंटी, फी फक्त ३,९९९! त्वरा करा!’ फोन भरपूर येतात, पण आठवड्याभरात त्यातलेच काही जण भांडायला येतात, कारण कॅप्शनमधलं एकही वाक्य पुरतं खरं नसतं.

सगळ्यात मोठी गफलत दिवसांची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास व्हावे लागतात. आता हिशोब करून बघा. रोज अर्धा तास स्टीअरिंग हातात असेल, तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात. १५ दिवसांत होतात जेमतेम साडेसात. रोज २० मिनिटंच दिली, तर २१ दिवसांतही सातच तास भरतात. म्हणून नुसते दिवस लिहू नका, ‘२१ दिवस, रोज ३० मिनिटं प्रत्यक्ष चालवणं’ असं लिहा. एकाच गाडीत दोघं-तिघं शिकत असतील, तर मागच्या सीटवर बसून पाहण्याचा वेळ या दहा तासांत धरू नका. शिकणारा तो वेळ मनात मोजत असतोच आणि तक्रार नेमकी तिथूनच येते.

दुसरी चूक म्हणजे ‘आज या, उद्यापासून गाडी चालवा’. लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय रस्त्यावर पहिला धडाही देता येत नाही. ते निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग लायसन्स चालतं सहा महिने. समजा, १ जूनला लर्निंग निघालं आणि त्याच दिवशी क्लास सुरू झाला. क्लास २१ जूनला संपेल, पण टेस्टची तारीख १ जुलैच्या आधी मिळणार नाही. मधल्या दिवसांत हात बसलेला राहावा म्हणून टेस्टच्या आदल्या दिवशी एक सराव फेरी देत असाल, तर ती आवर्जून लिहा. ग्राहकाला अशीच मदत हवी असते.

‘लायसन्सची गॅरंटी’ हे शब्द मात्र काढूनच टाका. आपण नियमाबाहेर लायसन्स मिळवून देऊ शकतो किंवा आरटीओवर वजन टाकू शकतो असा समज होईल, असं वागायला ड्रायव्हिंग स्कूलला नियमातच मनाई आहे. लर्निंगची ऑनलाइन परीक्षा उमेदवाराच्या वतीने देणं तर उघड फसवणूक आहे. मदत म्हणजे काय ते सरळ सांगा: सारथी पोर्टलवर अर्ज भरणं, अपॉइंटमेंट घेणं, चिन्हांचा सराव, कोर्स पूर्ण झाल्याचा फॉर्म ५ देणं, टेस्टला सवयीची गाडी उपलब्ध करणं.

फीबद्दलची कुरबुर बहुतेकदा आकड्यापेक्षा लपवाछपवीवर असते. तुमची फी आणि सरकारी शुल्क वेगळं दाखवा. केंद्रीय नियमांतल्या दरांप्रमाणे एका वाहन प्रकारासाठी लर्निंगचे १५० आणि परीक्षेचे ५०, पुढे टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००, असे ७०० रुपये होतात. त्यावर राज्याचे आणखी आकार लागू शकतात, म्हणून कॅप्शनमध्ये ‘सरकारी शुल्क पोर्टलप्रमाणे, पावतीसह’ एवढं लिहिलं तरी पुरे. टेस्टमध्ये नापास झाल्यास पुन्हा शुल्क भरावं लागतं, हेही आधीच कळू द्या.

दुरुस्त केलेली कॅप्शन अशी दिसेल. फीचा आकडा अर्थात तुमचा स्वतःचा घाला:

‘कार ड्रायव्हिंगचे प्रवेश सुरू. २१ दिवस, रोज ३० मिनिटं स्टीअरिंग तुमच्या हातात. फी ५,५०० रुपये, दोन हप्त्यांत. सरकारी शुल्क वेगळं, पावतीसह. लर्निंगच्या अर्जापासून टेस्टपर्यंत मदत आणि टेस्टआधी एक सराव फेरी. शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी. पहिले धडे मोकळ्या मैदानात, मग गल्लीत, शेवटी वाहत्या रस्त्यावर. वय १८ पूर्ण हवं.’

मोबाइलवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून दिवस आणि मिनिटं अगदी वर घेतली आहेत. आणि ‘सुरक्षितता हेच आमचं ब्रीद’ हे वाक्य यात मुद्दाम नाही. पालक आपल्या मुलीला क्लासला पाठवताना ब्रीद वाचून निर्धास्त होत नाहीत. गाडी बंद पडली किंवा समोर अचानक कुणी आलं तर शिक्षक काय करू शकतो, हे त्यांना कळायला हवं. ते उत्तर शिक्षकाच्या बाजूच्या ब्रेकमध्ये आहे. तुमच्या गाडीत तो नसेल, तर हे वाक्य लिहू नका, आधी तो बसवून घ्या.

पोस्ट करण्याआधी कॅप्शनसोबतचा फोटो मोठा करून पाहा. शिकणाऱ्याने आणि शिक्षकाने सीटबेल्ट लावलेला आहे का, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी नीट दिसते का, कुणाच्या हातात मोबाइल तर नाही ना. यातलं काही चुकलं असेल तर फोटो पुन्हा काढा.