स्विच घेण्याआधी डेटाशीट कशी वाचावी: चार आकडे आणि थोडं गणित

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकदा चुकीचा नेटवर्क स्विच बसवला. स्विचमध्ये दोष नव्हता आणि डेटाशीट मी वाचलीही होती. पण ज्या आकड्यावर विसंबून ऑर्डर दिली, तो शेजारच्या मॉडेलचा होता. त्याची किंमत पुढे दोन महिने मोजावी लागली. म्हणून आता कोणी कोटेशन पाठवून 'हा घेऊ का?' विचारलं, की मी आधी कागद-पेन घेतो. 'कंपनी चांगली आहे, डोळे झाकून घ्या' हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. एकाच चांगल्या कंपनीच्या एकाच मालिकेत तुमच्या कामाचा आणि बिनकामाचा असे दोन्ही स्विच असतात.

डेटाशीट मिळवा

कोटेशनवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जसाच्या तसा घ्या आणि उत्पादकाच्या साइटवरून पीडीएफ उतरवा. डीलरचं माहितीपत्रक चालणार नाही.

स्विचिंग कपॅसिटी: इथेच मी फसलो होतो

स्विचिंग कपॅसिटी म्हणजे स्विचचा वेग, असं सर्रास सांगितलं जातं. ती खरं तर बेरीज असते. सगळ्या पोर्टचे वेग एकत्र करायचे आणि दोनाने गुणायचं, कारण प्रत्येक पोर्टवर डेटा एकाच वेळी आतही येतो आणि बाहेरही जातो. चोवीस गिगाबिट पोर्ट आणि १० गिगाबिटचे चार अपलिंक, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणारे पोर्ट, असलेल्या स्विचचं गणित असं होतं:

```
(24 × 1 + 4 × 10) × 2 = 128 Gbps
```

इतकं बहुतेकांना येतं. मला तेव्हा न सुचलेली गोष्ट म्हणजे हेच गणित उलटं करणं. डेटाशीटमधला आकडा निम्मा करा आणि त्यातून यंत्रं जोडायच्या साध्या पोर्टची बेरीज वजा करा. उरेल तो तुमचा अपलिंक. १२८ चे निम्मे ६४, त्यातून २४ गेले की ४० उरतात, म्हणजे दहा-दहाचे चार पोर्ट. आकडा ५६ असेल तर निम्मे २८, त्यातून २४ गेले की चारच उरतात. म्हणजे तिथे एक-एक गिगाबिटचे चार पोर्ट आहेत, मग पहिल्या पानावर काहीही छापलेलं असो.

माझं नेमकं हेच झालं. ती डेटाशीट सहा मॉडेलची मिळून एकच होती. वर ठळक अक्षरांत 'कमाल १२८ जीबीपीएस' लिहिलं होतं. तो 'कमाल' शब्द मी वाचला, पण मनावर घेतला नाही. आम्ही मागवलेल्या मॉडेलची ओळ आत चौथ्या पानावरच्या तक्त्यात होती आणि तिथे स्पष्ट ५६ होतं. फरक मॉडेल नंबरच्या शेवटच्या एका अक्षराचा. स्विच आला, रॅकमध्ये चढवला, फायबर जोडायला १० गिगाबिटचं मॉड्यूल खोचलं. ते व्यवस्थित बसलं, कारण दोन्ही प्रकारचे खाचे दिसायला आणि मापाला सारखेच असतात. पण लिंकचा दिवा काही लागेना. तासभर फायबर पुसण्यात आणि टोकं अदलाबदल करण्यात गेला. मग एक गिगाबिटचं मॉड्यूल घातलं आणि दिवा लागला. ग्राहकाला घाई होती, मीही म्हटलं, सध्या चालू दे.

म्हणून माझा हट्ट असतो की मालिकेचा आकडा वाचायचाच नाही. तक्त्यात आपल्या मॉडेलची ओळ शोधायची, तिच्याखाली पट्टी धरायची आणि फक्त तीच ओळ वाचायची.

गणित जुळलं नाही तर लगेच स्विचला नावं ठेवू नका. आकडा बरोब्बर निम्मा आला असेल, तर कंपनीने एकाच दिशेची बेरीज छापली आहे. १२८ च्या जागी ६४ लिहिणारा स्विच दुबळा नसतो. जास्त आला असेल तर बहुधा स्टॅकिंगची, म्हणजे अनेक स्विच एकत्र बांधायची, जोडणी त्यात धरलेली असते आणि तक्त्याखालच्या बारीक टिपेत तसं लिहिलेलं सापडतं. यातलं काहीच नसेल आणि आकडा कमीच भरत असेल, तर मात्र सगळे पोर्ट एकदम पूर्ण वेगाने चालणार नाहीत. गिगाबिटच्या बंद पेटीतल्या स्विचमध्ये हे आता क्वचित दिसतं. जुना, कार्ड बसवायचा स्विच सेकंडहँड घेताना मात्र जपा. त्यातल्या काही कार्डांवर आठ पोर्ट मिळून एकच गिगाबिट वाटून घेतात.

फॉरवर्डिंग रेट: त्याच गणिताचा पडताळा

स्विच दर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे ढकलू शकतो, ते हा आकडा सांगतो. तो दशलक्षात, म्हणजे एमपीपीएसमध्ये असतो. सगळ्यात लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तारेवर तिच्या पुढे ८ बाइटची नांदी आणि मागे १२ बाइटइतकी मोकळी जागा लागते. एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. एक गिगाबिटला ६७२ ने भागलं की सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येतात. तेवढा १.४८८ आकडा लक्षात ठेवा:

```
(24 × 1 + 4 × 10) × 1.488 = 95.23 Mpps
(24 × 1 + 4 × 1)  × 1.488 = 41.66 Mpps
```

इथे दोनाने गुणायचं नाही. आत आलेली फ्रेम एकदाच मोजली जाते. कपॅसिटीच्या सवयीने इथेही दुप्पट करून चांगले स्विच नाकारणारे मी पाहिले आहेत.

आकडा थोडा कमी असला तर लगेच घाबरायचं कारण नाही. ६४ बाइटचाच सतत मारा खऱ्या ऑफिसात होत नाही. फाइल कॉपी करताना फ्रेम १५०० बाइटच्या आसपास असतात आणि मग एका गिगाबिटला सेकंदाला ८१ हजार फ्रेम पुरतात. पण कपॅसिटी १२८ आणि फॉरवर्डिंग ४१.६६ अशी जोडी दिसली, तर दोन मॉडेलचे आकडे एकाच ओळीत मिसळलेत असं समजा आणि कंपनीकडून लेखी खुलासा मागा.

मॅक टेबल

कोणत्या यंत्राचा पत्ता कोणत्या पोर्टवर आहे, याच्या नोंदी स्विच या टेबलात ठेवतो. शे-दोनशे यंत्रांच्या ऑफिसला ८ हजार नोंदींचं टेबल भरपूर होतं. १६ हजारांसाठी जादा पैसे देऊ नका.

जिथे माणसं येत-जात राहतात, तिथे मात्र हिशोब बदलतो. सिंहस्थात तपोवनासारख्या ठिकाणी सार्वजनिक वायफायचे सगळे पॉइंट एका स्विचवर आणायचे असतील, तर या क्षणी किती फोन जोडलेले आहेत एवढं मोजून भागत नाही. फोन निघून गेला तरी त्याची नोंद बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद राहते, म्हणून गेल्या पाच मिनिटांत येऊन गेलेले सगळे धरा. एकच यंत्र दोन व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या दोन नेटवर्कमध्ये, दिसत असेल तर नोंदी दोन होतात. शिवाय नोंदीची जागा हॅशने ठरते, त्यामुळे टेबल पूर्ण भरण्याआधीच काही पत्त्यांना जागा मिळेनाशी होते. ज्याला जागा मिळाली नाही, त्याच्या नावाची फ्रेम स्विच त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर सोडतो. ज्या पोर्टवर काहीच काम चालू नाही त्याचाही दिवा एकसारखा लुकलुकू लागला, की हीही शंका घ्या. अशा जागी मी मोजलेल्या संख्येच्या दुप्पट टेबल घेतो.

ओव्हरसबस्क्रिप्शन: डेटाशीटमध्ये न छापलेला आकडा

हा आकडा तुम्हालाच काढावा लागतो. खालच्या पोर्टची बेरीज भागिले अपलिंक. अंबडला मला २४ भागिले १० हवं होतं, म्हणजे २.४ ला १. मिळालं २४ ला १.

कॅम्पस नेटवर्कच्या आखणीत वापरणाऱ्यांच्या बाजूला २० ला १ चालतं, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने २४ फार वाईट नव्हतं, आणि मीही स्वतःची तशीच समजूत घातली होती. पण त्या ठोकताळ्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे सगळे एकदम बोलत नाहीत. आमच्या स्विचवर डिझाइन विभागाचे १४ संगणक आणि ८ कॅमेरे होते. कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटचे, म्हणजे सगळे मिळून ३२, काहीच नाही. दिवसभर सगळं सुरळीत चाले. संध्याकाळी सहाला मात्र चौदाही संगणकांचं बॅकअप एकाच मिनिटाला सुरू होई आणि त्याच वेळी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये खंड पडे. कॅमेरेवाल्याने दोन कॅमेरे बदलून पाहिले. मी अपलिंकचा आलेख पाहिला, तर भार ३५ टक्के. म्हणजे अपलिंक मोकळा आहे, असं मी बिनदिक्कत सांगून मोकळा झालो.

तो आलेख पाच मिनिटांच्या सरासरीचा होता. फ्रेम पडतात त्या मिलिसेकंदांत. स्विचचा बफर, म्हणजे बाहेर जायची वाट पाहणाऱ्या फ्रेम ठेवायची जागा, १२ मेगाबिटचा होता (डेटाशीटमध्ये बफर बिटमध्ये आहे की बाइटमध्ये ते नीट पाहा, हा दीड मेगाबाइटच झाला). चौदा संगणक एकदम पूर्ण वेगाने आले, तर १४ गिगाबिट आत आणि एक बाहेर. उरलेले १३ गिगाबिट तो बफर एका मिलिसेकंदाच्या आत भरून टाकतात. त्यानंतर येणारी फ्रेम कॅमेऱ्याची असो की बॅकअपची, ती टाकून दिली जाते. हे सरासरीत दिसत नाही, अपलिंक पोर्टच्या मोजणीत दिसतं. सिस्कोच्या स्विचवर ती अशी पाहतात:

```
show interfaces gi1/0/25 | include output drops
```

सहाच्या आधी एकदा आणि सव्वासहाला एकदा अशी ही कमांड चालवली आणि आकडा हजारोंनी वाढलेला दिसला, तेव्हा कुठे मला खात्री पटली. मोजणी नेमक्या त्या स्विचवर आणि त्या दिशेची करा. बॅकअप वर जातं म्हणून खालच्या स्विचचा अपलिंक पाहायचा. सर्व्हरवरून फाइल उघडताना अडत असेल, तर वरच्या स्विचचा खाली येणारा पोर्ट.

तेव्हा गुणोत्तर काढलं की लगेच पुढचं विचारा: एकाच वेळी काय काय चालू होतं? बॅकअप, शाळेच्या लॅबमध्ये एकदम चालू होणारे संगणक, शिफ्टच्या सुरुवातीला उघडणारी ड्रॉइंग. असं काही असेल तर खरोखर एकदम बोलणारे पोर्ट मोजा आणि त्यांच्यासाठी ३ ला १ च्या वर जाऊ नका. बाकी ऑफिसला २० ला १ खुशाल ठेवा. दोन गिगाबिट अपलिंक जोडून दोन गिगाबिट होतील यावर फार विसंबू नका. एक संवाद एकाच तारेवरून जातो, त्यामुळे वाटणी समान होईलच असं नाही.

स्विच बदलून मिळेपर्यंत आम्ही बॅकअपच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवल्या आणि कॅमेऱ्यांना प्राधान्य दिलं. त्याने बरंच निभावलं.

ऑर्डर लिहिताना

पर्चेस ऑर्डरमध्ये 'चोवीस पोर्ट स्विच' असं लिहू नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहा, त्याच्यापुढे अपलिंक पोर्टची संख्या आणि प्रत्येकाचा वेग लिहा, आणि त्या मॉडेलच्या ओळीला खूण केलेलं डेटाशीटचं पान जोडा. अंबडचा दुसरा स्विच मी असाच मागवला. माल आल्यावर खोका फोडायच्या आधी बाहेरच्या लेबलवरचा नंबर त्या पानाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला, कारण सील तुटल्यावर परत घ्यायला डीलर सहसा तयार होत नाही.