एका घरात शॉर्टफिल्म बसवताय? मग या चुका टाळा

स्क्रिप्ट वाचायला आणून देणारी पोरं एकच गोष्ट सांगतात. भाऊ, सहा लोकेशन लिहिलेत पण हातात फक्त मामाचं घर आहे आणि माणसं चार, तेवढं कापून द्या. कापायचं म्हणजे त्यांच्या डोक्यात बाहेरचे सीन काढून टाकायचे आणि जे उरलं ते शूट करायचं, कारण कॅमेरा भाड्यानं ठरलेला असतो, तारीख आठ दिवसांवर असते आणि परत लिहायला कोणाला बसायचं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की तारीख पुढं ढकला. स्क्रिप्टवरचा आठवडा वाचवला की तो एडिटला दामदुप्पट जातो.

बाहेरचं सगळं फोनवर ढकलणं

ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की पानावर दुसऱ्यांदा "फोन वाजतो" आलं की मी वाचायचं थांबतो.

चोपड्याकडची एक टीम होती, मला फक्त साउंडला बोलावलेलं. गोष्ट चांगली होती: वादळात केळी आडवी झालीत, आप्पांवर बँकेचं कर्ज आहे, पोरीचं लग्न ठरलंय, पोरगा सुरतेहून आलाय आणि त्याला जमीन विकून मोकळं व्हायचंय. मूळ स्क्रिप्ट १४ पानांची. त्यात अमळनेर स्टेशनवर पोरगा उतरतो, व्यापाऱ्याच्या ऑफिसात आप्पांना भाव मिळत नाही, बँकेत साहेब बोलतो, शेत, घर आणि शेवटी तहसीलला सही. यांनी काय केलं, तर स्टेशन, व्यापारी, बँक तिन्ही फोनवर घेतलं आणि आप्पांना खाटेवर बसवून "हां साहेब, बरं साहेब" करायला लावलं. शूट पटकन झालं म्हणून सगळे खुश. एडिटला बसल्यावर कळलं की कापायलाच काही नाही. समोर माणूस नाही म्हणून त्याच्या चेहऱ्याचा शॉट नाही, पलीकडून कोणी बोलत नव्हतं म्हणून आप्पांचे थांबे चुकलेले, कुठं दोन सेकंद तर कुठं सहा. त्याहून वाईट म्हणजे बघणाऱ्याला माहिती मिळत होती पण काही घडत नव्हतं. फोनवरचा माणूस तुमच्या उंबऱ्यावर उभा राहत नाही, तुमच्या हातातला कागद ओढत नाही, तुमच्या पोरीकडं बघत नाही.

नंतर आम्ही ती स्क्रिप्ट परत उघडली. माझी सवय अशी की वहीत डावीकडं सीन आणि उजवीकडं एकच वाक्य लिहायचं, या सीननंतर कोणाला काय कळलं किंवा कोणी काय ठरवलं. वाक्य सुचत नसेल तर सीन जातो. सुचलं तर सीन जातो पण वाक्य राहतं, आणि ते वाक्य घरात कोण आणू शकेल ते शोधायचं.

व्यापाऱ्याचं सोपं निघालं, केळीचा व्यापारी बागा बघायला स्वतःच येतो, त्याला ऑफिसात ठेवायचं कारणच नव्हतं. तो ओट्यावर येतो, पाणी पितो आणि पोरीनं चहा आणला तर "चहा नको, घाई शे" म्हणून उठतो. चहा नाकारला म्हणजे माल घेणार नाही, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बँकेच्या सीनचं वाक्य होतं, लग्नाच्या आधी हप्ता भरायचाय. तर बँकेची नोटीस घरी येते, आप्पांचा चष्मा सापडत नाही, पोरगी चुलीपाशी बसून त्यांना वाचून दाखवते आणि तारखेची ओळ गाळते. आता माहिती पण आली आणि पोरीनं काहीतरी लपवलं पण, जो सीन आधी नुसता साहेबाचा होता तो तिचा झाला. स्टेशनचं वाक्य होतं, पोरगा राहायला आलेला नाही. त्याची बॅग ओट्यावरच पडून राहते, चेन उघडत नाही, बास. साहेब गेला, स्टेशनवरचा मित्र गेला, असं करत आठ पात्रांची चार झाली आणि पानं नऊ.

फोन अजिबात नको असं नाही. एक चालतो, पण सीन ऐकणाऱ्याचा हवा, बोलणाऱ्याचा नाही.

एक लोकेशन म्हणजे एक खोली समजणं

घरात पाच-सहा जागा असतात आणि प्रत्येकीचा मान वेगळा असतो. ओटा, मधलं घर, चूल, मागचं अंगण, घरावरचं सपाट धाबं. कोण कुठपर्यंत येतो हे आधी ठरवा आणि मग ते मोडा. वरच्या गोष्टीत व्यापारी ओट्याच्या आत येत नाही. पोरगा बापाशी मधल्या घरात बोलत नाही, धाब्यावर जाऊन बसतो. तहसीलची सही आम्ही अशी काढली की शेवटच्या सीनमध्ये व्यापारी चपला काढून मधल्या घरात येतो, बसतो आणि चहा घेतो. तो जमिनीसाठी आलाय हे बघणाऱ्याला तेवढ्यात कळतं, स्टॅम्पपेपर दाखवायची गरज पडत नाही. हे जमलं कारण पहिल्या सीनपासून तो उंबरा जपला होता. सगळे सीन एकाच खाटेवर घेतले असते तर त्याच्या आत येण्याला काही अर्थच नव्हता.

मनातल्या घरासाठी लिहिणं

स्क्रिप्ट कापायच्या आधी त्या घरात कॅमेरा न नेता एक अख्खा दिवस बसा. पोरांना याचा कंटाळा येतो, मोबाइलवर फोटो मागवतात आणि म्हणतात बघितलं घर. फोटोत आवाज येत नाही हो. शेतातल्या मोटारीला लाइट कधी येते, पत्र्याचं छप्पर उन्हानं तापल्यावर टकटक कधी सुरू होते, ओट्यावर ऊन कधी चढतं, हे लिहून घ्या आणि सीनच्या वेळा त्याप्रमाणं बदला. मे महिन्यात कूलर बंद करून दुपारी दोनला लांब संवाद घेणं म्हणजे कलाकाराचे हाल, दर टेकला घाम पुसायचा आणि तरी शॉट जुळत नाहीत. लांब संवाद सकाळी लिहा. दुपारच्या सीनमध्ये माणूस एकटा ठेवा, बिनसंवादाचा, मग मागं कूलर चालला तरी चालतो, आवाज नंतर बसवता येतो.

रात्रीचा आतला सीन दिवसा घ्यायचा तर खिडक्यांना काळं कापड लावून होतो, पण मग स्क्रिप्टमध्येच दार बंद ठेवा. "तो दार उघडून बाहेर जातो" असं लिहिलंत की ती युक्ती गेली आणि चार माणसांत खरी रात्र उजळायला निघालात.

बाकीच्या छोट्या

काढलेला सीन व्हॉइसओव्हरनं सांगू नका, ती माहिती कोणीच लक्षात ठेवत नाही.

जेवणाचा सीन कमी माणसांत टाळा. दर टेकला भाकरी तेवढीच मोडलेली पाहिजे आणि ते बघायला तुमच्याकडं माणूस नाही.

दोन पात्रं एकत्र करताना नुसते संवाद जोडू नका. दोघांना हवं काय होतं ते बघा, ते भांडत असेल तर एकाच माणसात ते भांडण ठेवा, पात्र उलट चांगलं होतं.

डायरेक्टरनं स्वतः कॅमेरा धरायचा असेल तर तीन जणं एकदम बोलतात असे सीन आधीच दोघांवर आणा. फोकस बघणारा माणूस अभिनय बघत नसतो.

आणि दिवसाला चारच्या वर पानं धरू नका, नऊ पानांना तीन दिवस लागतात, दोन दिवसांत बसवायची असतील तर आणखी पानं कमी करायला वहीकडं परत जा, शूटवर उभं राहून सीन उडवू नका.