मोडीची किंमत सूत्रात कुठे बसते? मालमत्ता रजिस्टर भरताना कळलेली गोष्ट

पहिल्या नोकरीत महिनाभरातच माझ्याकडे मालमत्ता रजिस्टर आलं. साठेक ओळींची स्प्रेडशीट होती, आधीच्या माणसाने नोकरी सोडताना घाईघाईने भरलेली. प्रत्येक ओळीत मूळ किंमत, आयुष्य, मोडीची किंमत आणि घसाऱ्याचा दर होता. शेवटच्या रकान्यात काही ठिकाणी 'सरळ' आणि काही ठिकाणी 'घटती' असं लिहिलेलं. मी सूत्र टाकलं, खालपर्यंत ओढलं आणि काम झालं असं समजून पाठवून दिलं.

आमच्या वरिष्ठ मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. यंत्राची मूळ किंमत २,४०,०००, आयुष्य ५ वर्षं, मोडीची किंमत २४,०००, पद्धत घटती. पाच वर्षं उलटून गेली होती आणि रजिस्टर सांगत होतं, शिल्लक ८८,९७८. "आयुष्य संपलंय आणि मोडीत चोवीस हजार येणार असं आपणच वर लिहिलंय. मग हे पासष्ट हजार कुठे लटकलेत?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना या दोन पद्धतींबद्दल जे कळलं, तेच इथे सांगतो.

आधी सरळ रेषा पद्धत. तिच्यात डोकं लावायला फारसं काही नाही. मूळ किमतीतून मोडीची किंमत वजा करायची आणि उरेल त्याला वर्षांनी भागायचं. २,४०,००० वजा २४,००० म्हणजे २,१६,०००, त्याला ५ ने भागलं की दरसाल ४३,२०० घसारा. पाचही वर्षं आकडा तोच आणि शेवटी शिल्लक बरोबर २४,०००. स्प्रेडशीटमध्ये यासाठी `SLN` हे तयार सूत्र आहे.

```
=SLN(240000, 24000, 5)
```

आता ४३,२०० म्हणजे मूळ किमतीच्या १८ टक्के. गडबड इथेच झाली होती. आधीच्या माणसाने सरळ पद्धतीतून काढलेला हा १८ टक्के दर सगळ्या ओळींना चिकटवला, घटत्या पद्धतीच्या ओळींनाही. पण घटत्या पद्धतीत टक्केवारी मूळ किमतीवर लागत नाही, वर्षाच्या सुरुवातीला जी शिल्लक असते तिच्यावर लागते. शिल्लक दरवर्षी आटत जाते, म्हणून घसाराही आटतो. दरवर्षी १८ टक्के गेले की ८२ टक्के उरतात, आणि ०.८२ चा पाचवा घात साधारण ०.३७ येतो. म्हणजे पाच वर्षांनीही मूळ किमतीचे ३७ टक्के पुस्तकात बसून राहतात. ८८,९७८ हा आकडा असा आला. गणितात कुठेही चूक नव्हती, दर दुसऱ्याच पद्धतीचा होता.

घटत्या पद्धतीचा दर काढायचा तर प्रश्न उलटा विचारायचा: दरवर्षी किती टक्के कापले की पाच वर्षांनी बरोबर २४,००० उरतील? त्याचं उत्तर असं निघतं.

```
=1-(24000/240000)^(1/5)
```

उत्तर येतं ०.३६९०, म्हणजे साधारण ३६.९ टक्के. सरळ पद्धतीच्या दराच्या दुपटीहून जास्त. पहिल्यांदा हा आकडा पाहून मला वाटलं की कंस कुठेतरी चुकला. कंस बरोबर होता. `DB` हे सूत्र आतल्या आत हाच दर काढतं, फक्त तो तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करतं. त्यामुळे वर्षाअखेरची शिल्लक अशी दिसते, शेजारी सरळ पद्धतही ठेवली आहे:

| वर्ष | सरळ | घटती |
|---|---|---|
| १ | १,९६,८०० | १,५१,४४० |
| २ | १,५३,६०० | ९५,५५९ |
| ३ | १,१०,४०० | ६०,२९८ |
| ४ | ६७,२०० | ३८,०४८ |
| ५ | २४,००० | २४,००८ |

शेवटचे ते ८ पाहून घाबरू नका. ते दराच्या पूर्णांकनातून आले आहेत. मी मात्र ते शोधण्यात एक अख्खी दुपार घालवली होती.

मॅडमनी तेव्हा एक गोष्ट समजावली, आणि नव्या माणसाला एकच गोष्ट सांगायची तर मीही हीच सांगेन. मोडीची किंमत दोन्ही पद्धतींत असते, पण तिची जागा वेगळी असते. सरळ पद्धतीत ती सूत्रात उघडपणे वजा होते. घटत्या पद्धतीत ती दराच्या पोटात असते, दर काढतानाच तिचा हिशोब झालेला असतो. त्यामुळे घटत्या पद्धतीत ती पुन्हा वजा करायची नाही.

हे ऐकूनही पुढच्या आठवड्यात मी तीच चूक केली. दर ३६.९ टक्के बरोबर घेतला, पण सवयीने आधी २४,००० वजा करून २,१६,००० वर तो लावत गेलो. पाच वर्षांनी त्या २,१६,००० पैकी २१,६०७ उरले आणि बाजूला ठेवलेले २४,००० मिळवून शिल्लक ४५,६०७ झाली. ही चूक पहिल्या वर्षी कळत नाही. पहिल्या वर्षीचा घसारा ८८,५६० च्या जागी ७९,७०४ येतो, आणि दोन्ही आकडे डोळ्यांना सारखेच पटतात. म्हणून मी आजही कुठलीही नवी ओळ लिहिली की लगेच आयुष्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत ओढून पाहतो. शेवटची शिल्लक मोडीच्या किमतीशी जुळली तरच ती ओळ ठेवतो.

दर मोडीच्या किमतीतून निघतो याचा एक त्रासदायक परिणाम आहे. ती किंमत शून्य लिहिली तर वरच्या सूत्रातून दर थेट १०० टक्के येतो आणि सगळी किंमत पहिल्याच वर्षी उडते. काही जण यावर तोडगा म्हणून १ लिहितात. करून पाहा, २,४०,००० च्या यंत्रावर दर ९१.६ टक्के येईल. म्हणजे ज्या वस्तूचं मोडीत काहीच येणार नाही, तिला हे सूत्र लावण्यात अर्थ नाही. तिथे एकतर सरळ पद्धत घ्यावी, नाहीतर दुप्पट घटती.

दुप्पट घटतीत दर सोपा असतो: २ भागिले आयुष्य. आपल्या यंत्राला ४० टक्के. या दराला मोडीच्या किमतीचा पत्ताच नसतो, त्यामुळे इथे तिची तिसरी जागा दिसते. ती जमिनीसारखी खाली असते आणि शिल्लक तिच्याखाली जाऊ द्यायची नाही. चौथ्या वर्षाअखेर शिल्लक ३१,१०४ होते. पाचव्या वर्षी ४० टक्क्यांनी १२,४४२ घसारा व्हायला हवा, पण तेवढा घेतला तर शिल्लक २४,००० च्या खाली जाते. म्हणून घसारा ७,१०४ वर थांबतो. `DDB` हे सूत्र ही काळजी स्वतःच घेतं. हाताने गुणाकार करणारा माणूस हमखास विसरतो. आयुष्य मोठं असेल तर उलटही होतं, शिल्लक जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा `VDB` वापरतात, कारण सरळ पद्धतीने जास्त घसारा येऊ लागला की ते सूत्र आपणहून सरळ पद्धतीवर जातं.

रजिस्टरमध्ये मात्र मी ही तयार सूत्रं फक्त ताळा करायला वापरतो. `SLN` सोडून बाकीच्यांना 'कितवं वर्ष' हे सांगावं लागतं, आणि वस्तू वर्षाच्या मध्येच वापरात आली की हिशोब अडखळतो. त्यापेक्षा वर्षारंभीच्या शिल्लकेवरून चालणारं एकच सूत्र बरं. समजा C मध्ये मूळ किंमत, E मध्ये मोडीची किंमत, F मध्ये आयुष्य, G मध्ये पद्धत, H मध्ये घटता दर, I मध्ये वर्षारंभीची शिल्लक आणि J मध्ये या वर्षातले वापराचे महिने आहेत:

```
=MAX(0, MIN(IF(G2="सरळ",(C2-E2)/F2,I2*H2)*J2/12, I2-E2))
```

आतला `MIN` ती जमीन सांभाळतो. महिने मोजताना बिलाची तारीख धरू नका. यंत्र बसवून वापरण्याजोगं झालं त्या तारखेपासून घसारा सुरू होतो. आपलं यंत्र पहिल्या वर्षी ९ महिने वापरण्याजोगं असेल तर सरळ पद्धतीत ३२,४०० लागतात, आणि राहिलेल्या ३ महिन्यांचे १०,८०० सहाव्या वर्षी घ्यावे लागतात. ती सहाव्या वर्षीची ओळ कितीतरी रजिस्टरांत नसते. घटत्या पद्धतीत अशा तुकड्यांच्या वर्षांमुळे शेवटी हजाराच्या आसपास रक्कम जास्त उरते. ती शेवटच्या वर्षीच्या घसाऱ्यात घालून मी मोकळा होतो, आणि शेरा लिहून ठेवतो.

करासाठीचा घसारा या रजिस्टरमध्ये मिसळू नये. करकायदा आपले दर आपणच ठरवतो, आपल्या यंत्राचं आयुष्य किती हे तो आपल्याला विचारत नाही. त्याचे रकाने वेगळे हवेत.

मग पद्धत कुठली घ्यायची? वस्तू पहिल्या एक-दोन वर्षांत भरपूर काम देत असेल, नंतर मागे पडत असेल आणि दुरुस्तीचा खर्च वाढत असेल तर घटती शोभते. वाहनं आणि संगणक असे असतात. टेबल-खुर्च्या, कपाटं यांना सरळ पद्धत पुरते. एकदा निवडलेली पद्धत मात्र नफा कमी-जास्त दाखवायला दरवर्षी बदलता येत नाही.

नव्या लोकांना वाटतं की घटत्या पद्धतीत खर्च जास्त होतो. मलाही वाटायचं, ते यंत्र दोन वर्षांनी विकून पाहिलं तोवर. विकलं म्हणजे कागदावरच, मॅडमच्या सांगण्यावरून. समजा १,२०,००० आले. सरळ पद्धतीत तेव्हा शिल्लक १,५३,६००, म्हणजे ३३,६०० तोटा. घटतीत शिल्लक ९५,५५९, म्हणजे २४,४४१ नफा. एकाच यंत्रावर, एकाच विक्रीत, एका वहीत तोटा आणि दुसरीत नफा! मग त्यांनी दोन वर्षांचा घसारा धरून बेरीज करायला लावली. सरळ पद्धतीत ८६,४०० अधिक तोटा ३३,६००. घटतीत १,४४,४४१ वजा नफा २४,४४१. दोन्हीकडे १,२०,००० आले, यंत्र घेतलं त्यातून विकून आलेले पैसे वजा केले की उरतात तेवढेच.