आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर: झेरॉक्सआधीची तयारी

बँकेत आधारची झेरॉक्स देताना दोन्ही बाजू लागतात, कारण फोटो पुढे असतो आणि पत्ता मागे. प्रिंटरमध्ये ‘ID Copy’ किंवा ब्रदरच्या यंत्रांवर ‘2 in 1 (ID)’ हा पर्याय असेल, तर दोन्ही बाजू एकाच A4 पानावर येतात. फक्त सुरुवात करण्याआधी काही गोष्टी बघून घ्या.

ट्रेमध्ये A4 कागद हवा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही A4च निवडलेला हवा. तिथे Letter राहिलं असेल तर छपाई सरकते किंवा यंत्र कागदाबद्दल तक्रार करून थांबतं. मग काच मऊ, कोरड्या कापडाने पुसा. कार्डावरचे बोटांचे ठसेही पुसून टाका, चकचकीत पीव्हीसीवर ते काळपट डाग होऊन उमटतात. वरच्या फीडरमधून कार्ड कधीही घालू नका. ते काचेवरच ठेवायचं.

सगळ्यात जास्त चुका कार्ड ठेवण्यात होतात. कार्ड साधारण 86 बाय 54 मिलिमीटर असतं. या पर्यायात यंत्र काचेचा जेमतेम अर्धा भाग वाचतं आणि तो पानाच्या अर्ध्या भागात छापतं. म्हणून कार्ड काचेच्या मधोमध ठेवलं की त्याचा तुकडा कापला जातो. काचेच्या कडेला बाण किंवा खूण असते, त्या कोपऱ्याजवळ कार्ड पालथं ठेवा. पण कोपऱ्याला चिकटवू नका: अगदी कडेचे सुमारे चार मिलिमीटर वाचले जात नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंनी एक सेंटिमीटर जागा सोडा.

झाकण हळू लावा, जोरात आपटलं तर हवेने कार्ड सरकतं. पर्याय निवडून Start दाबा. पडद्यावर कार्ड उलटण्याची सूचना आली की ते वहीचं पान उलटतो तसं आडवं उलटा आणि त्याच जागी परत ठेवा. दुसरी बाजू खाली छापायची म्हणून कार्ड काचेवर खाली सरकवायचं नाही, ते काम यंत्र स्वतः करतं. वरची कड खाली येईल असं उभं उलटलंत, तर पत्ता उलटा छापला जाईल. मग पुन्हा Start. दोन बाजूंमध्ये फार वेळ घालवू नका, काही प्रिंटर थोडा वेळ वाट पाहून एकच बाजू छापून मोकळे होतात.

प्रत हातात आली की फोटोतला चेहरा आणि क्यूआर कोडचे चौकोन नीट सुटे दिसतात का ते पाहा. चौकोन एकमेकांत मिसळले असतील तर डेन्सिटी एक पायरी कमी करा. पत्त्याची बारीक अक्षरं फिकी असतील तर एक पायरी वाढवा. सही आणि ‘केवळ अमुक कामासाठी’ हा शेरा तारखेसह दोन बाजूंमधल्या मोकळ्या जागेत लिहा, फोटोवर किंवा क्यूआरवर नको. आणि निघण्याआधी झाकण उघडून मूळ कार्ड उचला, ते काचेवरच राहण्याचे प्रकार फार होतात.