वॉर्म-अपलाच धाप लागायची

घराच्या गॅलरीत एक सायकल आणि दोन डंबेल, एवढीच माझी जिम. व्यायामाच्या गाण्यांचं शफल चालू असल्याने पहिल्याच मिनिटाला ढोल-ताशा वाजायचा, पाय त्याच्यामागे धावायचे आणि खऱ्या जोराच्या वेळी दम संपलेला असायचा.

मग प्रत्येक गाण्याचे ठोके 15 सेकंद मोजून चारने गुणले. शफल बंद केलं. पहिली सहा मिनिटं शंभरच्या आसपासची कोळीगीतं, मग पंधरा मिनिटं 130 ते 140ची, शेवटी संथ भावगीतं.

तरी एक घोळ उरलाच. जोराच्या पहिल्या गाण्याची सुरुवातच 40 सेकंद संथ होती (आलाप हो, दुसरं काय!). ते वॉर्म-अप संपण्याआधी 40 सेकंद सुरू होईल असं बसवलं. आता ठेका आणि जोर एकदमच येतात.